बिल्डिंगचं नाव कोण ठेवतं? केशवजी नाईक चाळीपासून जेसल पार्कपर्यंत

आजचा भाग थोडा घरचा आहे. घरचा म्हणजे अक्षरशः माझ्या घराचा. मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये राहतो. खाडी चालत पाच मिनिटांवर, संध्याकाळी चौपाटीवर गेलं की समोर रेल्वेचे पूल आणि पाण्यात पाणजू बेट. आमची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दोन जुन्या बिल्डिंगा पडणार, तीन नव्या उभ्या राहणार. पार्किंग, लिफ्ट, कार्पेट एरिया या सगळ्यावर भांडून झालं, आणि मग एका मीटिंगमध्ये कुणीतरी सहज विचारलं, "नाव काय ठेवायचं?" त्यावर जे दोन तास झाले, तेवढे पार्किंगवरही झाले नव्हते.

मी घरी येऊन शोधायला बसलो की मुळात मुंबईत आणि आसपास इमारतींना नावं ठेवली कुणी आणि कशी. त्यातून हा भाग तयार झाला.

आधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा वाद मला का महत्त्वाचा वाटतो ते कळेल. दोन वर्षांपूर्वी रात्री आमच्या डी विंगमधल्या एका काकांच्या छातीत दुखायला लागलं. मुलाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, फोनवर सोसायटीचं नाव सांगितलं, "डी विंग" सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स आधी गेली त्याच शब्दाने सुरू होणाऱ्या दुसऱ्या सोसायटीत. एकाच बिल्डरने एका शब्दापुढे पार्क, टॉवर, दर्शन लावून तीन-चार ठिकाणी नावं दिली होती. तिथून आमच्याकडे आली, तर बी विंगखाली जाऊन थांबली. फोनवर "बी", "डी", "ई", "पी" ही अक्षरं किती सारखी ऐकू येतात ते शांत खोलीत बसून कळत नाही. काका आज ठणठणीत आहेत, रोज चौपाटीला फेऱ्या मारतात. पण त्या रात्री त्यांचा मुलगा अनवाणी गेटपर्यंत धावत गेला होता, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तर बिल्डिंगच्या नावाला दोन कामं असतात. आत राहणाऱ्याला ते सांगताना बरं वाटलं पाहिजे आणि बाहेरून येणाऱ्याला ते सापडलं पाहिजे. ही दोन कामं एकच आहेत असं आपण धरून चालतो. इतिहासात मात्र ती बऱ्याचदा वेगवेगळी पडलेली दिसतात.

सुरुवात गिरगावातून करू. चाळींच्या जमान्यात नावाचा प्रश्न सोपा होता. ज्याची जागा, त्याचं नाव. केशवजी नाईक हे मुंबईतले बडे कच्छी व्यापारी, म्हणून केशवजी नाईक चाळ. १८९३ साली तिथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि मुंबईतल्या पहिल्या सार्वजनिक गणपतींमध्ये आजही तिचं नाव घेतलं जातं. आता गंमत बघा. भाडं भरणारी बहुतेक माणसं मराठी, नाव मालकाचं. भाडेकरूंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तरी पुढच्या पिढ्यांनी "मी केशवजी नाईक चाळीतला" हे छाती पुढे काढून सांगितलं. अभिमान नावात आधीपासून नव्हता, तो गणपतीने आणला. नावाने फक्त शोधायची सोय केली होती, कारण मालकाचं नाव आख्ख्या वस्तीला माहीत असायचं.

मग आलं सरकार. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे ज्याला आपण बीडीडी म्हणतो, कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड, मिळून २०७ चाळी. इतक्या इमारतींना नावं कोण देत बसणार? नंबर दिले. चाळ नंबर अमुक, खोली नंबर तमुक. पोस्टमनच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था. नंबर दोनदा येत नाही आणि पुढचा-मागचा नंबर कळला की मधला सापडतोच. सरकारी वसाहतींनी पुढे हीच रीत चालवली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वसाहतीला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं नाव आणि आत इमारतींना नंबर. आमच्या शेजारी मीरा रोडच्या शांती नगरात सेक्टर आणि इमारतीचा नंबर. तिथल्या माणसाला पत्ता विचारा, तो एखादा कोड सांगावा तसा सांगतो, आणि रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो.

पण नंबरला एक मर्यादा आहे. आतल्या माणसाला तो लगेच प्रेमाचा होतो, बाहेरच्याला तो कोरडाच राहतो. वाशीत सिडकोच्या काही जुन्या इमारतींना "जेएन वन", "जेएन टू" असं म्हणतात. तिथे वाढलेल्या माझ्या मित्राला ते ऐकलं की डोळ्यांसमोर शाळेची बस येते. मला ते प्रिंटरचं मॉडेल वाटलं होतं.

आता तिसरा टप्पा, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. आपण आज ज्याला सोसायटी म्हणतो, म्हणजे राहणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची केलेली संस्था, तिची मुंबईतली सुरुवात गावदेवीत झाली. १९१५ साली तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीची नोंदणी झाली. यामागचं मोठं नाव श्रीपाद सुब्राव तालमकी. मालक कुणी एक शेठ नाही, भाडेकरूच मालक, ही कल्पनाच नवी होती. आणि मालक बदलला तशी नावाची चावीही राहणाऱ्यांच्या हातात आली. त्यांनी काय नाव घेतलं? आपल्या समाजाचं. त्या काळात ते स्वाभाविक होतं, कारण लोक एकत्र यायचेच जातीच्या ओळखीवर. पुढे ताडदेवची तालमकीवाडी याच तालमकींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केशवजी नाईकांचं नाव मालक म्हणून लागलं, तालमकींचं कार्यकर्ता म्हणून. पाटीवर दोन्ही सारखीच दिसतात, पण त्यामागे केवढं अंतर आहे.

समाजाचं नाव घेणं आज इतकं सरळ नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधला नियम १४ सांगतो की संस्थेचं नाव बदलताना नव्या नावात जातीचा किंवा धर्मपंथाचा उल्लेख असता कामा नये, आणि नाव संस्थेच्या उद्देशांशी विसंगत नसावं. आमच्या मीटिंगमध्ये दोन सूचना इथेच गळल्या. सुचवणारे नाराज झाले, पण सेक्रेटरी काकांनी नियमाचं पानच वाचून दाखवलं. वस्त्यांच्या बाबतीतही डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला होता. तिथे मुद्दा आणखी टोकदार आहे, कारण त्यातली बरीच नावं राहणाऱ्यांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती.

जातीचं नाव नको, मालक कुणी एक नाही, नंबर कोरडा वाटतो. मग ठेवायचं तरी काय? याचं मला सापडलेलं सगळ्यात छान उत्तर वांद्रे पूर्वेला आहे, साहित्य सहवासमध्ये.

नाव ऐकलं असेल तुम्ही, सचिनमुळे. सचिन तेंडुलकर तिथेच वाढला, कारण त्याचे वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक. ही लेखकांची सोसायटी. शेजारी कलावंतांची म्हणून कलानगर, जवळच पत्रकारांची म्हणून पत्रकार नगर. इथे लोक जातीवर नाही, कामावर एकत्र आले आणि नाव त्या कामातून निघालं. "साहित्य" आणि "सहवास" दोन्ही साधे शब्द, पण जोडून म्हटले की दुसरीकडे कुठे ऐकलेले नसतात.

मला जास्त आवडलं ते आतलं. आतल्या इमारतींना ए, बी, सी नाहीये. धर्मवीर भारती, "धर्मयुग"चे संपादक, राहायचे "शाकुंतल"मध्ये. सचिनचं घर "उषःकाल"मध्ये. एका इमारतीचं नाव "झपूर्झा". मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही यातले धागे लगेच दिसतील. शाकुंतल म्हणजे कालिदास, उषःकाल ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, झपूर्झा ही केशवसुतांची कविता.

आता हे नुसतं साहित्यप्रेम म्हणून बघू नका. रात्री फोनवर पत्ता सांगायच्या दृष्टीने बघा. "शाकुंतल", "उषःकाल", "झपूर्झा". तिघांचा पहिला आवाज वेगळा, लांबी वेगळी. अर्धवट ऐकू आलं तरी एकाच्या जागी दुसरं ऐकू येणार नाही. आमच्या "बी" आणि "डी"ची तुलना करा. अभिमान आणि शोधणं ही दोन कामं वेगळी पडतात असं मी मघाशी म्हणालो ना, इथे ती एकाच युक्तीने जुळली आहेत. बाहेर एक मोठं नाव, गेटपर्यंत आणणारं. आत प्रत्येक इमारतीला स्वतंत्र नाव, एकाच कुळातलं पण कानाला वेगळं.

ही युक्ती पुढे सगळीकडे का गेली नाही? कारण नाव ठेवणारा पुन्हा बदलला. बिल्डर आला.

विरार लाईनवर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मधल्या काळात गावांच्या, खाजणांच्या आणि मिठागरांच्या या पट्ट्यात बिल्डिंगांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या. राहायला येणारा माणूस नाव ठरायच्या वेळी हजरच नसायचा. फ्लॅट बुक व्हायच्या आधी जाहिरात छापावी लागते आणि जाहिरातीला नाव लागतं. मग नाव जाहिरातीच्या गरजेनुसार ठरणार, हे ओघानेच आलं. गोल्डन नेस्ट, इंद्रलोक, मीरा रोडला बेव्हर्ली पार्क. सोनेरी घरटं, स्वर्ग आणि अमेरिका, तिन्ही एका तिकिटात.

मी या नावांची टिंगल करतोय असं वाटेल, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. शोधण्याच्या कामात यातली काही नावं जबरदस्त ठरली. गोल्डन नेस्ट आता नुसतं कॉम्प्लेक्स राहिलं नाही, तो नाका झाला. सिडकोने खारघरमध्ये एका वसाहतीला "स्पॅगेटी" नाव दिलं. खारघरचा आणि इटालियन शेवयांचा काय संबंध? पण एकदा ऐकलेलं विसरता येत नाही, आणि भारतात दुसरीकडे कुठे जायची भीती नाही. विचित्र नाव पत्त्यासाठी चांगलं असतं. त्रास होतो तो गुळगुळीत नावांनी, जी सगळ्यांनाच गोड लागतात आणि म्हणून सगळीकडेच असतात.

गुळगुळीत नावाचं उदाहरण द्यायला मला बिल्डरकडे जायचीही गरज नाही. आमच्या बाजूचं जुनं गाव म्हणजे नवघर. नव-घर. म्हणजे कुणी एके काळी नवीन घरं बांधली आणि त्या वस्तीला "नवीन घरं" म्हटलं. अगदी सरळ, आणि म्हणूनच कोकणपट्टीत ठिकठिकाणी तेच झालेलं दिसतं. वसईला नवघर आहे, उरणला आहे, मुलुंडला आहे. माझा मावसभाऊ पहिल्यांदा घरी यायला निघाला तेव्हा त्याने मोबाईलमध्ये फक्त "नवघर रोड" टाकलं, आणि ड्रायव्हरने त्याला मुलुंड पूर्वेला नेऊन सोडलं. तिथेही नवघर रोड आहे, तिथेही नवघर पोलीस स्टेशन आहे. त्याने मला फोन करून विचारलं, "पोलीस स्टेशनसमोर उभा आहे, तू दिसत का नाहीस?" मग घोडबंदर रोडने उलटा प्रवास. गणपतीची आरती त्याला मिळाली नाही, मोदक मिळाले.

एकच नाव दोन जागी असण्याचा हा घोळ देशपातळीवर सोडवायचा प्रयत्न एका मराठी माणसाने केला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, ती त्यांची कल्पना. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, वाईट अक्षर या सगळ्यावर सहा आकडे. आमचा पिन ४०११०५. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे, ४०१, टपालाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. रुळाच्या पलीकडे भाईंदर पश्चिम ४०११०१. मीरा रोड ४०११०७. म्हणजे मावसभावाने सहा आकडे टाकले असते तर मुलुंड दिसलंच नसतं. आता टपाल खात्याने डिजिपिन आणलाय, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवणारा. तो उपयोगी आहेच. पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाच्या तोंडून दहा अक्षरांचा कोड येत नाही. नाव येतं.

आता आमच्या मीटिंगकडे परत.

आमचा गोंधळ नेमका कुठे होता, ते सांगतो, कारण रिडेव्हलपमेंटमध्ये तुम्हीही अडकू शकता. आमच्या सोसायटीचं नोंदणीचं नाव एक आहे. प्रमाणपत्रावर, शेअर सर्टिफिकेटवर, बँकेच्या खात्यावर तेच. नवा बिल्डर जाहिरातीसाठी प्रोजेक्टला दुसरं नाव देणार, आणि महारेरावर प्रोजेक्ट त्याच नावाने दिसणार. गेटवर तीन फुटी स्टीलच्या अक्षरांत तेच लागणार. मोबाईलच्या नकाशावर कुणीतरी तिसरंच काहीतरी टाकणार. म्हणजे कागदावर एक, गेटवर एक, नकाशावर एक. काही वर्षांनी लाईट बिल जुन्या नावाने येतं, पार्सल नव्या नावाने, आणि बँक विचारते की या दोन जागा आहेत की एक.

हे टाळायचं तर दोन वाटा आहेत. पहिली स्वस्त आहे. बिल्डरशी विकासकरार होतानाच त्यात लिहून घ्यायचं की प्रोजेक्टचं आणि इमारतींचं नाव सोसायटी ठरवेल, आणि बिल्डरला आपलं नाव हवंच असेल तर त्याने ते खाली लहान अक्षरात लावावं. सही व्हायच्या आधी हे एका ओळीचं काम आहे, सहीनंतर विनवणीचं.

दुसरी वाट म्हणजे नोंदणीचं नावच बदलून घेणं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १५ त्यासाठी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, निबंधकांची मंजुरी घ्यायची. नाव हे उपविधींमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे ही उपविधी दुरुस्ती ठरते, आणि तिला सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा पाठिंबा लागतो. बदल राजपत्रात प्रसिद्ध होतो. मूळ नोंदणी प्रमाणपत्र निबंधकांकडे पाठवायचं, ते दुरुस्त होऊन परत येतं. नाव बदललं म्हणून जुनी देणी-घेणी, हक्क, कोर्टातले दावे यांना काही होत नाही, हे कायद्यातच आहे, त्यामुळे त्या भीतीने अडून राहू नका. त्रास नंतरचा आहे. पॅन, बँक, मालमत्ता कर, वीज, एकेका ठिकाणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन जायचं. नवीकोरी सोसायटी असेल तर यातलं काहीच लागत नाही. तिथे नोंदणीच्या आधी मुख्य प्रवर्तक निबंधक कार्यालयात नाव राखून ठेवायला अर्ज करतो, तेव्हाच रहिवाशांनी आपलं नाव पुढे केलं की झालं. बहुतेक ठिकाणी त्या अर्जावर बिल्डरच्या ऑफिसने आधीच नाव टाइप केलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

आम्ही पहिली वाट धरली, कारण करार अजून व्हायचाय. मग राहिलं नाव.

सूचना बऱ्याच आल्या. इंग्रजी "हाइट्स" आणि "रेसिडेन्सी" तरुण मंडळींकडून आल्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, हाइट्स तर समोरही आहे आणि मागेही आहे." मुद्दा संपला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बा बोलल्या. बा कच्छच्या. त्या म्हणाल्या, जेसल पार्क म्हटलं की मला अंजारची जेसल-तोरलची समाधी आठवते. जेसल दरोडेखोर होता, तोरलच्या संगतीने बदलला, ही कच्छची लोककथा. १९७१ साली त्यावर गुजराती सिनेमा आला होता, तो बांनी पाहिलाय. "तुम्ही लोक रोज जेसल बोलता, गोष्ट कुणाला माहीत नाही," असं त्या म्हणाल्या आणि सभा दोन मिनिटं गप्प झाली. खरंच माहीत नव्हती.

त्यातून कुणीतरी म्हणालं, मग इथल्याच मातीची गोष्ट घेऊ. इथली माती म्हणजे मीठ. भाईंदरची मिठागरं, शेजारचं खारीगाव, नावातच खार. तळमजल्यावरचे एक आजोबा आगरी, त्यांच्या घरात मिठाचं काम झालेलं. त्यांनी सांगितलं की आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा, त्यावरून आगरी. बा लगेच म्हणाल्या, कच्छच्या रणात मीठ पिकवणाऱ्यांना आम्ही अगरिया म्हणतो. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पंचवीस वर्षं एका जिन्याने चढ-उतार केलेली माणसं आणि हा शब्द दोघांच्या घरात आहे हे पहिल्यांदा कळलं.

नुसतं "आगर" ठेवता आलं असतं, पण अलिबागकडच्या एका ताईंनी हरकत घेतली. अष्टागरात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. म्हणून सूचना झाली "मिठागर". आणि साहित्य सहवासच्या धर्तीवर आतल्या तीन इमारतींना खाडीतली तीन नावं. पहिली "भरती". दुसरी? कुणीतरी भाबडेपणाने "ओहोटी" म्हणालं. ओहोटीत फ्लॅट कोण घेणार! मग "खाजण" आलं, त्यावर एक काका उभे राहिले: "मुलीच्या लग्नपत्रिकेत मी खाजण छापू का?" हसू आलं, पण ही कसोटी खरी आहे. पत्रिकेवर छापताना हात अडखळला तर ते नाव अभिमानाच्या कामाचं नाही. खाजण गेलं. "भरती", "किनारा" आणि "चांदणी" एवढ्यावर ती गाडी सध्या थांबलीय. तिघांचा पहिला आवाज वेगळा आहे, ते मी तपासलं.

विरोधही आहे, आणि तो पोकळ नाही. एक गट म्हणतो, मिठागर म्हणजे खारट पाणी, गंज, प्लास्टर सुटणं, घेणाऱ्याच्या मनात हेच येणार. त्यांचं नाव आहे "खाडीकिनारा". ऐकायला गोड, दृश्य डोळ्यांसमोर येतं. माझी अडचण एवढीच की वसई खाडीच्या दोन्ही काठांवर कुणीही ते उद्या ठेवू शकतं. शिवाय रोमन अक्षरांत लिहायला तीन जणांना सांगितलं तर तिघांनी तीन प्रकारे लिहिलं, कुणी एक "ए", कुणी दोन, कुणी मध्ये जागा सोडून. नकाशावर शोधताना हे नडतं.

वाद काही मिटेना, म्हणून मी आणि सेक्रेटरी काका एका संध्याकाळी भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला गेलो. गर्दीची वेळ, हॉर्न, भाजीवाले, अनाऊन्समेंट. वेगवेगळ्या रिक्षावाल्यांना एकदाच, न थांबता सांगायचं, "जेसल पार्क, अमुक", आणि काय ऐकू आलं ते विचारायचं. "खाडीकिनारा" सगळ्यांना नीट ऐकू आलं, पण एकाने विचारलं, "चौपाटी पे छोडू?" म्हणजे त्याने ते नाव म्हणून ऐकलंच नाही, जागेचं वर्णन म्हणून ऐकलं. "मिठागर"ला एक जण म्हणाला, "मीठा घर? मिठाई की दुकान है क्या?" काकांनी कपाळाला हात लावला. मराठीतलं मीठ हिंदीत जाऊन साखर झालं होतं.

परत येताना काका म्हणाले, "खोडून टाक ते." मी यादीतून खोडलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना तोच रिक्षावाला लाईनमध्ये दिसला. मला बघून हसला आणि स्वतःहून म्हणाला, "क्या भाई, मीठा घर बन गया?"

यादीत ते नाव मी परत लिहिलंय. मतदान येत्या रविवारी सकाळी दहाला, जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर. बांनी सांगितलंय की त्या दिवशी त्या चहा देतील, बिनसाखरेचा मागणाऱ्यांनी आधी कळवावं.